बँकेतून सुटल्यावरचे दोन तास

संध्याकाळी डेटा एंट्रीचं काम हवं म्हणून बँकेतला क्लार्क फ्रीलान्स कामाच्या संकेतस्थळावर स्वतःची ओळख लिहायला बसतो, तेव्हा पहिला मजकूर बहुधा असाच निघतो : ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे. एक्सेलचं संपूर्ण ज्ञान. कोणतंही काम वेळेत करून मिळेल.’ यात खोटं काहीच नाही, पण शेजारच्या शंभर जणांनीही हेच लिहिलेलं असतं. काम देणारा यादीतल्या पहिल्या दोन ओळी वाचून पुढे सरकतो. त्या दोन ओळींत बँकेच्या काउंटरवर शिकलेलं काहीतरी यायला हवं, आणि क्लार्कजवळ ते भरपूर असतं.

एक उदाहरण घेऊ. एका गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदारांनी वर्षभराच्या पासबुकाचे फोटो पाठवले आहेत. तारीख ए रकान्यात, खर्च बी, जमा सी आणि पासबुकात छापलेली शिल्लक डी रकान्यात घातली, की क्लार्क पाचव्या रकान्यात तिसऱ्या ओळीपासून हे सूत्र लावतो :

```
=D2-B3+C3-D3
```

मागच्या शिल्लकेतून खर्च वजा केला, जमा मिळवली आणि छापील शिल्लक वजा केली, तर उत्तर शून्य यायला हवं. समजा एका ओळीत उणे २७० आलं. २७० ला नऊने पूर्ण भाग जातो, म्हणून जुन्या माणसांना लगेच शंका येते, की शेजारचे दोन अंक उलटे पडले असावेत. पासबुक पाहिलं, तर ५४१० ऐवजी ५१४० टाइप झालेलं. रकमेची चूक असली, की फरक एकाच ओळीत दिसतो. शिल्लक चुकली असेल, तर लागोपाठच्या दोन ओळींत तोच आकडा एकदा उणे, एकदा अधिक येतो. मात्र एका सभासदाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर पडली, तर हे सूत्र गप्प राहतं. ते नाव पासबुकाशी डोळ्यांनीच ताडावं लागतं.

एक्सेलचे दोन खोडेही ग्राहकाला ठाऊक नसतात. ते संख्येतले पंधराच अंक जपतं. सोळा अंकी खाते क्रमांक तसाच टाइप केला, की शेवटचा अंक शून्य होतो. सगळे क्रमांक शून्यावर संपताना दिसले, तर मूळ अंक गेलेले असतात आणि ते परत येत नाहीत. त्यामुळे रकाना टाइप करण्याआधीच ‘टेक्स्ट’ करायचा. दुसरा खोडा तारखांचा. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल, तर ५ एप्रिलसाठी लिहिलेलं ०५/०४ हे ४ मे होऊन उजवीकडे बसतं, आणि १३/०४ ही तारीखच न समजल्याने ते डावीकडे चिकटून राहतं. एका रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, की उजवीकडच्याही तपासायच्या.

वेळेचं आश्वासन अंदाजाने देऊ नये. घड्याळ लावून अर्धा तास टाइप करून पाहावं. तपासणीसह तासाला ९० ओळी होत असतील, तर हजार ओळींना साधारण अकरा तास लागतात, म्हणजे रोज दोन तास धरून सहा संध्याकाळी.

हे सगळं लिहिण्याआधी एक काम आहे. बँक कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्या १० एप्रिल २००२ च्या करारात, बँकेची लेखी परवानगी न घेता बाहेरचा धंदा किंवा व्यवसाय करणं हे गंभीर गैरवर्तन मानलं आहे. ज्यांना हा करार लागू नाही, त्यांनी आपल्या बँकेचे सेवानियम पाहावेत. आधी अर्ज, मग प्रोफाइल. आणि नमुना म्हणून बँकेतली कुठलीही खरी यादी दाखवायची नाही, नावं झाकूनही नाही. काल्पनिक नावांची पन्नास ओळींची फाइल स्वतः बनवायला एक संध्याकाळ पुरते.

आता तोच मजकूर असा होतो :

‘बँकेच्या कामकाजातला अनुभव. पासबुक, बिलं आणि सभासद याद्या एक्सेलमध्ये भरतो; प्रत्येक ओळीची शिल्लक मूळ कागदाशी जुळवूनच फाइल देतो. खाते क्रमांक आणि तारखा जशाच्या तशा राहतील. न वाचता येणारी नोंद अंदाजाने भरत नाही, पिवळी करून विचारतो. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. हजार ओळींना सहा संध्याकाळी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवीन काम घेत नाही.’

शेवटची ओळ गाळायचा मोह होतो, पण ती ठेवावी. वर्षअखेरीला बँकेतून निघायला रात्र होते, आणि नेमकं तेव्हाच सोसायट्यांना आणि दुकानदारांना हिशेब हवे असतात. त्या आठवड्यात घेतलेलं काम उशिरा गेलं, तर पहिलाच अभिप्राय वाईट पडतो आणि पुढचे ग्राहक तोच आधी वाचतात.