थकलेलं भाडं, फुटलेलं बेसिन आणि एक पानाची नोटीस

‘उद्या संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर सामान रस्त्यावर दिसेल.’ भाडं थकलं की बहुतेक घरमालकांची पहिली नोटीस ही अशी, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रागाच्या भरात लिहिलेली असते. भाडेकरू तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवतो. पुढे प्रकरण वकिलाकडे गेलं तर तोच कागद मालकाच्या विरोधात जातो, कारण त्यात किती पैसे, कोणत्या महिन्याचे आणि कोणत्या अटीनुसार, यातलं काहीच नसतं. असते ती फक्त धमकी.

कोथरूडमधल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं एक उदाहरण मनात धरू. आकडे कल्पित असले तरी हिशेब रोजच्या व्यवहारातलाच आहे. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार 1 फेब्रुवारी ते 31 डिसेंबर असा 11 महिन्यांचा. महिना 22,000 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत. अनामत 66,000. जुलैपर्यंत पैसे वेळेवर आले. ऑगस्ट आणि सप्टेंबर कोरे गेले. ऑक्टोबरमध्ये यूपीआयने 11,000 आले आणि सोबत ‘ऑक्टोबर, अर्धे’ असा शेरा होता. महावितरणचं 3,460 रुपयांचं बिलही तसंच पडून आहे. मालक आगाऊ कळवून घर बघायला गेले, तर सिंकखालच्या ट्रॉल्यांचं प्लायवुड पाण्याने फुगलेलं, बेसिनला आरपार तडा आणि बेडरूमच्या दाराला भोक. आतून कोणीतरी लाथ मारल्यासारखं.

नोटिशीची भाषा ठरवण्याआधी करार काढून वाचायचा. महाराष्ट्रात ‘भाडेकरू’ म्हणून ज्यांना आपण सरसकट ओळखतो, त्यांत दोन वेगळी माणसं असतात. जुन्या वाड्यातला, पागडीचा किंवा भाडेपावतीवर राहणारा हा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 15 प्रमाणे थकबाकीची लेखी मागणी त्याच्या हाती पडल्यानंतर 90 दिवस उलटल्याशिवाय त्या कारणावरून ताबा मागणारा दावा लावताच येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्याने सगळी थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, तर घर त्याच्याकडेच राहतं. लिव्ह अँड लायसन्सवाला मात्र परवानाधारक. त्याच्यासाठी आधी बघायची ती करारातली अट. आपल्या उदाहरणात कलम 11 सांगतं की सलग दोन महिन्यांची फी थकली तर 30 दिवसांची लेखी नोटीस देऊन परवाना संपवता येईल. नोटीस याच खुंटीला टांगायची.

आता हिशेब. भाड्याची बाजू सोपी वाटते, पण त्यात एक खोच आहे. आलेले 11,000 ऑगस्टच्या खात्यात टाकावेत असं मालकाला वाटतं, कारण सगळ्यात जुनी बाकी ती. पण भारतीय करार कायद्यानुसार पैसे देणाऱ्याने ते कशापोटी आहेत हे सांगितलं असेल आणि घेणाऱ्याने ते ठेवून घेतले असतील, तर त्याच खात्यात जमा धरावे लागतात. यूपीआयवरचा तो दोन शब्दांचा शेरा म्हणून महत्त्वाचा. तेव्हा ऑगस्ट 22,000, सप्टेंबर 22,000 आणि ऑक्टोबरचे राहिलेले 11,000, असे 55,000. वीजबिल धरून 58,460.

नुकसानीची बाजू खरी अवघड, आणि मालकाची न्यायबुद्धी दिसते तीही इथेच. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 108 मध्ये भाडेपट्ट्यासाठी एक मोजमाप दिलेलं आहे: घर घेतलं तशा स्थितीत परत करायचं, पण वाजवी झीज आणि आवाक्याबाहेरची आपत्ती वगळून. दोष भाडेकरूच्या कृतीमुळे किंवा हलगर्जीपणामुळे झाला असेल, तर तसं कळवल्यापासून तीन महिन्यांत तो त्याने दुरुस्त करून द्यायचा, असंही तिथे म्हटलंय. परवानाधारकाला हे कलम थेट लागू नसलं तरी बहुतेक करारांत ‘वाजवी झीज वगळता’ हे शब्द उतरलेले असतातच.

मग झीज कोणती आणि नासधूस कोणती? माणूस नीट राहिला असता तरीही जे झालंच असतं, ती झीज. उन्हाने उडालेला रंग, कॅलेंडरच्या दोन-चार खिळ्यांची भोकं, गळायला लागलेल्या नळाचा वायसर, सोफ्यामागच्या भिंतीवरचा डोक्याच्या तेलाचा पुसट डाग, हे सगळं मालकाच्या खात्यात. भाडं घेतो ते त्यासाठीच. पूर्ण घर रंगवायचा खर्च जाणाऱ्याच्या माथी मारायची आपल्याकडे जी रीत पडली आहे, ती मला तरी सरळ लूट वाटते. दाराचं भोक किंवा तडकलेलं बेसिन मात्र वापराने होत नाही.

ट्रॉल्यांचं काय, हा मधला प्रश्न. सिंकचा पाइप गळणं ही झीजच. पण गळती महिनोन्‌महिने दिसत असताना मालकाला न कळवणं आणि खालचं प्लायवुड फुगू देणं हा हलगर्जीपणा झाला. म्हणून पाइप मालकाचा, ट्रॉल्या भाडेकरूच्या. इथे भाडेकरूचा खरा बचाव एकच: ‘मी कळवलं होतं.’ म्हणून नोटीस लिहिण्याआधी मालकाने आपलेच जुने मेसेज चाळून बघावेत. जूनमध्ये ‘काका, सिंकखाली पाणी येतंय’ असा निरोप सापडला आणि त्यावर आपण नुसता अंगठा दाखवला असेल, तर ट्रॉल्यांची ओळ नोटिशीतून काढून टाकायची.

तसा निरोप नाही असं धरू. नव्या ट्रॉल्यांना 18,000 लागतील, असं सुताराचं कोटेशन आहे. मालक सगळे मागायला निघतात. पण बिघडल्या त्या सहा वर्षं जुन्या ट्रॉल्या. स्वयंपाकघरातल्या प्लायवुडचं आयुष्य दहा वर्षं धरलं तर भाडेकरूने बुडवली ती उरलेली चार, म्हणजे 18,000 चे दहात चार भाग, 7,200 रुपये. कायद्यात असं वर्षांचं कोष्टक दिलेलं नाही. पण नुकसानभरपाई म्हणजे झालेला तोटा भरून काढणं. जुन्याच्या बदल्यात नवं कमावणं नव्हे, एवढं तत्त्व पक्कं आहे. दार बदलायची गरज नाही, पॅच मारून वरून लॅमिनेट लावायला 2,800. बेसिन चिनी मातीचं, न फुटतं तर अजून कितीतरी वर्षं टिकलं असतं, म्हणून त्याचे मजुरीसह 3,200 पूर्ण. नुकसानीचे एकूण 13,200.

यातली कोणतीही ओळ टिकते ती घर ताब्यात देतानाच्या पुराव्यावर. कराराला जोडलेली, दोघांच्या सह्यांची सामानाची यादी आणि त्या दिवशीचे फोटो. ‘बेसिन आधीपासूनच तडकलेलं होतं’ या वाक्याला दुसरं उत्तर नसतं. यादी नसेल तर नोटिशीत थकबाकीवर भर द्यावा आणि नुकसानीबद्दल दोघांनी मिळून पाहणी करायची मागणी करावी. कच्ची ओळ शेजारच्या पक्क्या ओळीचीही पत घालवते.

मग मजकूर एका पानात बसतो. साधारण असा:

‘महोदय, दि. 1 फेब्रुवारीच्या नोंदणीकृत करारान्वये आपण वरील सदनिकेत परवानाधारक म्हणून राहत आहात. कलम 4 नुसार मासिक फी रु. 22,000 दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत देय आहे. ऑगस्टचे रु. 22,000, सप्टेंबरचे रु. 22,000 व ऑक्टोबरचे रु. 11,000, तसेच वीजबिलाचे रु. 3,460 असे एकूण रु. 58,460 येणे आहे. ऑक्टोबरपोटी आपण दिलेले रु. 11,000 मिळाले आहेत.

दि. 18 ऑक्टोबर रोजी आपल्या उपस्थितीत केलेल्या पाहणीत सोबतच्या फोटोंप्रमाणे नुकसान आढळले. वस्तूंचे वय विचारात घेऊन त्याची भरपाई रु. 13,200 होते, तपशील व कोटेशन सोबत जोडले आहे. रंग, खिळ्यांची छिद्रे व नळांची दुरुस्ती ही नेहमीची झीज असल्याने त्यांची मागणी केलेली नाही. दुरुस्ती आपण स्वतः योग्य कारागिराकडून करून घेतल्यास ही रक्कम मागितली जाणार नाही. यांपैकी कोणतीही बाब मान्य नसल्यास कारणासह लेखी कळवावे.

थकबाकी ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत खालील बँक खात्यात जमा करावी. एकरकमी शक्य नसल्यास त्याच मुदतीत हप्त्यांचा लेखी प्रस्ताव द्यावा. तसे न झाल्यास कलम 11 नुसार, ही नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांनी परवाना संपुष्टात येईल व आपणांस सदनिकेचा ताबा द्यावा लागेल.’

मजकुरात काय नाही, तेही बघा. रात्री उशिरा येणारे पाहुणे नाहीत, मटणाचा वास नाही, ‘तुमच्यासारखी माणसं’ नाही. पाणी तोडण्याची, वीज बंद करण्याची किंवा कुलूप बदलण्याची भाषा नाही. भाडेकरूचा आवश्यक पुरवठा तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हा आहे. करारात ‘रोज 1,000 रुपये दंड’ असं छापलेलं असलं तरी तो लावलेला नाही, कारण करार कायद्याचं कलम 74 छापलेला आकडा ही कमाल मर्यादा मानतं आणि त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देतं.

नोटीस पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावी आणि तीच ईमेलवरही. वकिलाची सही सक्तीची नाही. बरोबर पत्त्यावर गेलेला लखोटा ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आला, तर नोटीस पोचली असंच सहसा धरलं जातं. म्हणून तो न फोडता जपून ठेवायचा. मुदतीनंतर भाडेकरूने पैसे पाठवले तर ते घ्यावेत, पण पावतीवर ‘थकबाकीपोटी, नोटिशीतील हक्क राखून’ असं लिहावं. नाहीतर नोटीस सोडून दिली असा दावा करायला त्याला वाव मिळतो.

यावर बहुतेक भाडेकरूंचं उत्तर ठरलेलं: ‘अनामतीतून कापून घ्या.’ आता बेरीज करा. 58,460 अधिक 13,200 म्हणजे 71,660. अनामत 66,000. म्हणजे ऑक्टोबरातच 5,660 कमी पडतात, आणि नोव्हेंबर अजून यायचाय. अनामत शेवटच्या हिशेबासाठी असते. मध्येच वळती करून घेतली तर मालकाच्या हातात तारण काहीच उरत नाही.

31 डिसेंबरला कराराची मुदत संपल्यावरही तो राहिलाच, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो, आणि पुढच्या काळासाठी दुप्पट दराने, म्हणजे महिना 44,000 प्रमाणे, भरपाई लागू होते. नोंदलेला करार तिथे त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मागची थकबाकी आणि फुटलेलं बेसिन मात्र त्या अर्जात येत नाही. त्यासाठी लघुवाद किंवा दिवाणी न्यायालयात वेगळा दावा लावावा लागतो, तोही रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. अनामत वजा जाऊन उरलेल्या 5,660 रुपयांसाठी ती पायरी कोणी शहाणा चढत नाही. अशा बहुतेक प्रकरणांचा निकाल त्या एका पानावरच लागतो.