कोपरात दबलेली नस

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा बोटांना लागतो. त्याच्या मागच्या खोबणीतून अल्नर नर्व्ह ही नस जाते. कोपर टेबलाच्या कडेवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या हिच्याच. उंचवटा ओलांडल्यावर ती मनगट वाकवणाऱ्या एका स्नायूच्या दोन भागांमधून खाली उतरते आणि त्या दोन भागांना जोडणारा तंतुमय पट्टा तिच्यावर छपरासारखा पसरलेला असतो. ऑस्बर्न या ब्रिटिश शल्यविशारदाचे नाव त्या पट्ट्याला आहे. कोपर सरळ असताना पट्टा सैल असतो. कोपर दुमडले की तो ताणला जातो, खालची जागा चपटी होते आणि नसही लांबीत ओढली जाते. हात दुमडून झोपणाऱ्यांना किंवा बराच वेळ फोन कानाशी धरणाऱ्यांना म्हणूनच त्रास आधी जाणवतो.

उदाहरणादाखल पन्नाशीतला एक हिशेबनीस घेऊ. उजवी करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू चार महिन्यांपासून बधिर आहे. आता किल्ली फिरवताना बोटांतला जोरही कमी पडतो. अंगठा व तर्जनी यांच्यामधला मांसल भाग डाव्या हातापेक्षा किंचित खोल गेलेला दिसतो. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरायला सांगून डॉक्टर तो ओढतात, तेव्हा त्याच्या अंगठ्याचे टोक वाकते. अंगठा तर्जनीकडे खेचणारा स्नायू अल्नर नसेवर चालतो. तो दुबळा झाला की टोक वाकवणारा, दुसऱ्या नसेवरचा स्नायू त्याचे काम उचलतो. याला फ्रोमेंटचे लक्षण म्हणतात. खोबणीवर हलके टिचकावल्यावर करंगळीत झिणझिण्या येतात, आणि कोपर पूर्ण दुमडून धरल्यावर मिनिटभरात बधिरपणा वाढतो. मात्र ही दोन लक्षणे निरोगी माणसातही कधी कधी मिळतात, त्यामुळे एकट्याने ती फार काही सिद्ध करत नाहीत.

खरा प्रश्न नस कुठे दबली आहे हा असतो, आणि त्याचे बरेचसे उत्तर त्वचेवरच मिळते. हाताच्या पाठीकडे जाणारी फांदी मनगटाच्या काही सेंटिमीटर आधीच वेगळी होते. म्हणून करंगळीकडची हाताची पाठही बधिर असेल, तर दोष मनगटात नसून वर आहे. उलट कोपराखालच्या हाताची आतली बाजू बधिर असेल तर मानेकडे पाहावे लागते, कारण ती त्वचा वेगळ्या नसेची आहे. भारतात आणखी एक तपासणी चुकवू नये: कोपराच्या वर नस जाड व दुखरी लागते का, अंगावर बधिर चट्टे आहेत का. कुष्ठरोग हीच नस फार वेळा पकडतो आणि त्याचे उपचार निराळे आहेत.

नसेच्या विद्युत तपासणीत नसेला छोटे झटके देऊन करंगळीच्या स्नायूचा प्रतिसाद नोंदवतात. मनगट, कोपराच्या खाली आणि कोपराच्या वर, अशा तीन जागी झटका दिला की मधल्या टप्प्यांतला वेग काढता येतो. या हिशेबनिसाच्या बाबतीत कोपराखालचा वेग सेकंदाला 58 मीटर आला. कोपर ओलांडणारे 10 सेंटिमीटर पार करायला मात्र 2.8 मिलिसेकंद लागले, म्हणजे वेग सुमारे 36. तिथे 50 पेक्षा कमी वेग, किंवा खालच्यापेक्षा 10 हून अधिक घट, हा सर्वसाधारणपणे दोष मानतात. शिवाय कोपराच्या वर झटका दिल्यावर प्रतिसादाची उंची 8 वरून 5 मिलिव्होल्टवर आली, म्हणजे काही तंतूंतून संदेश पुढे जातच नाही. मोजणी काळजीपूर्वक व्हावी लागते. कोपर सरळ ठेवून मोजल्यास सैल पडलेल्या नसेची लांबी कमी धरली जाते आणि निरोगी नसही मंद वाटते. थंड हातातही वेग घटतो. सौम्य त्रासात मात्र तपासणी अगदी निर्दोष येऊ शकते.

फक्त झिणझिण्या असतील तर रात्री कोपर फार दुमडू नये म्हणून टॉवेल गुंडाळतात किंवा पट्टी बांधतात, आणि काही आठवडे वाट पाहणे योग्य ठरते. स्नायू झिजू लागला की शस्त्रक्रियेचा विचार लांबवू नये. सर्वांत साधी शस्त्रक्रिया म्हणजे पट्टा कापून नस जागीच मोकळी करणे. दुसरीत नस उंचवट्याच्या पुढे, त्वचेखाली किंवा स्नायूखाली आणून ठेवतात. तुलनात्मक अभ्यासांत दोन्हींचे फायदे साधारण सारखेच दिसले आहेत, आणि पुढे आणण्यात जखमेच्या तक्रारी जास्त आढळल्या. त्यामुळे आधी साधी शस्त्रक्रिया करणेच इष्ट. कोपर दुमडताना नस उंचवट्यावरून घसरत असेल, जुन्या फ्रॅक्चरने कोपर वाकडे असेल किंवा पहिली शस्त्रक्रिया फसली असेल, तर नस पुढे आणणे सयुक्तिक ठरते.

मोकळी झालेली नस लगेच कामाला लागतेच असे नाही. तुटलेले तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात. कोपरापासून पंजातल्या स्नायूंपर्यंतचे अंतर सुमारे 28 सेंटिमीटर धरले तर नऊ महिन्यांहून अधिक काळ लागतो. झिणझिण्या सहसा आधी कमी होतात, जोर मागाहून येतो. वर्षानुवर्षे झिजत राहिलेला स्नायू बहुधा पूर्वपदावर येत नाही.