चुनखडक विरघळतो, तेव्हा जमीन का खचते?

जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात कडाक्याची थंडी पडली. प्लांट सिटी आणि डोव्हर या गावांभोवती तेव्हा स्ट्रॉबेरीचा हंगाम होता. फळं गोठू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी रात्रभर तुषार सिंचन चालू ठेवलं. पाण्याचं बर्फ होताना उष्णता बाहेर पडते आणि तिच्यामुळे फळ शून्य अंशाच्या आसपास टिकून राहतं. हे ११ दिवस चाललं. सगळं पाणी जमिनीखालून उपसलं जात होतं. भूजलाची पातळी सुमारे १८ मीटर खाली गेली, आणि त्या परिसरात १४० हून अधिक ठिकाणी जमीन खचली. अशा खड्ड्यांना सिंकहोल म्हणतात.

पाणी उपसल्यावर जमीन अशी खड्ड्याखड्ड्यांनी खचायची, तर खाली आधीपासूनच पोकळी असावी लागते. ती तयार होते चुनखडकात.

चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध पाण्यात तो फारच कमी विरघळतो, लिटरमागे जेमतेम १४ मिलिग्रॅम. पण पावसाचं पाणी मातीतून झिरपतं तेव्हा चित्र पालटतं. मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. तो पाण्यात मिसळला की सौम्य कार्बनिक आम्ल तयार होतं आणि तेच पाणी लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम खडक विरघळवू शकतं.

इथे एक पेच आहे. खडकातल्या भेगा सुरुवातीला मिलिमीटरहूनही अरुंद असतात. त्यांतून पाणी इतकं हळू सरकतं, की पहिल्या काही मीटरमध्येच ते चुन्याने जवळजवळ संपृक्त व्हायला हवं. मग खोलवर, किलोमीटरभर लांब गुहा कशा तयार होतात? याचं उत्तर विरघळण्याच्या वेगात आहे. पाणी संपृक्ततेच्या जवळ पोहोचलं की विरघळण्याचा वेग एकदम मंदावतो. त्यामुळे खडक खाण्याची थोडीशी क्षमता शिल्लक ठेवूनच ते पाणी आत खोलवर पोहोचतं आणि भेग तिच्या पूर्ण लांबीभर किंचित किंचित रुंदावत राहते. हजारो वर्षं हे असंच चालतं. अखेर एखादी भेग आरपार पुरेशी मोकळी होते. तिच्यातून जास्त पाणी वाहू लागतं, जास्त पाण्यामुळे ती आणखी वेगाने रुंदावते आणि आजूबाजूच्या भेगांचंही पाणी स्वतःकडे ओढून घेते. म्हणूनच चुनखडकात सगळीकडे सारखी झीज होत नाही. मोजक्या वाटा मोठ्या होतात आणि बाकीचा खडक घट्टच राहतो. अशा प्रदेशाला कार्स्ट म्हणतात. तिथे ओढे मध्येच जमिनीत गडप होतात आणि दूरवर झरा होऊन बाहेर येतात.

पुढे भूजल खाली गेलं, की या वाटांत हवा शिरते. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निसटतो. मग विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही, तो थराथराने साचतो. छतापासून लोंबणारे आणि जमिनीवरून वर वाढणारे स्तंभ असे बनतात. खडक विरघळण्याचीच ही उलट क्रिया आहे.

फ्लोरिडात या पोकळ चुनखडकावर वाळूचे आणि चिकणमातीचे थर आहेत. तिथले बहुतेक सिंकहोल गुहेचं दगडी छत कोसळून पडत नाहीत. वरची माती खडकातल्या भोकांतून खाली निसटते. कणगीच्या तळाचं तोंड उघडल्यावर धान्य ओघळतं तशी वाळू ओघळते, पण वरची चिकट माती कमानीसारखी तग धरून राहते. भूजल भरलेलं असतं तोवर पोकळीतलं पाणी त्या कमानीला खालून आधार देतं. २०१० मध्ये ११ दिवसांत तो आधार निघून गेला आणि आधीच कमकुवत झालेल्या कमानी कोसळल्या.

काही वेळा आधी खुणा दिसतात. दारं-खिडक्या अडकू लागतात, भिंतींना नव्या तिरक्या भेगा पडतात, कुंपणाचे खांब कलतात, विहिरीचं पाणी अचानक गढूळ होतं. अशा वेळी त्या जागेपासून दूर राहावं आणि भूजल तज्ज्ञांना दाखवावं. खड्ड्यात कचरा तर कधीच टाकू नये. चुनखडकातल्या मोकळ्या वाटांतून पाणी जवळजवळ न गाळता पुढे जातं, म्हणून खड्ड्यातली घाण थेट शेजारच्या विहिरीत पोहोचू शकते.

प्लांट सिटी परिसरातल्या जलव्यवस्थापन यंत्रणेने त्यानंतर भूजलाची किमान पातळी ठरवली आणि थंडीपासून पीक वाचवण्यासाठी होणारा उपसा २० टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. शेततळ्यातलं पाणी वापरणं आणि पिकावर कापड अंथरणं हे त्यासाठीचे मार्ग आहेत. खडकातली पोकळी बुजवणं माणसाच्या हातात नाही, पण तिच्यातलं पाणी किती वेगाने उपसायचं हे नक्कीच आहे.