गाळलेल्या जागा : ‘वॉज गोइंग टु’ की ‘वुड’?

कथा भूतकाळात चालू असते आणि त्या वेळच्या दृष्टीने पुढे घडावयाची गोष्ट सांगावयाची असते. अशा ठिकाणी मराठीत ‘बंद करणार होता’, ‘धावणार होती’ हे एकच रूप पुरते. इंग्रजीत मात्र दोन रूपे आहेत. म्हणून मराठी अर्थावरून जागा भरणारा विद्यार्थी चुकतो.

उदाहरणार्थ, साकीनाक्यावरील एका चहावाल्याची कल्पित कथा घ्यावी. 2008 साली मेट्रोच्या खांबांसाठी रस्ता खणला गेला व गिऱ्हाईक घटले. पहिले वाक्य असे : ‘ही —— हिज शॉप, बट हिज कस्टमर्स स्टॉप्ड हिम.’ क्रियापद ‘क्लोज’. येथे चहावाल्याच्या मनातील बेत सांगितला आहे आणि ‘बट’ या शब्दाने तो फसल्याचे कळते. म्हणून ‘वॉज गोइंग टु क्लोज’ हेच उत्तर. ‘वुड क्लोज’ लिहिल्यास बेताचा अर्थ निघत नाही. उलट दुकान बंद करण्याची त्याची सवयच होती, असा भास होतो.

दुसरे वाक्य : ‘सिक्स इयर्स लेटर, ट्रेन्स —— अबव्ह हिज शॉप.’ क्रियापद ‘रन’. 8 जून 2014 रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मार्ग सुरू झाला व साकीनाक्यावरून गाड्या धावू लागल्या. चहावाल्यास हे ठाऊक नव्हते. कथा सांगणाऱ्यास आहे. पुढे खरोखर घडलेली गोष्ट निवेदक आधीच सांगतो, तेव्हा ‘वुड रन’ शोभते. ‘वेअर गोइंग टु रन’ म्हटल्यास केवळ योजना कळते. गाड्या धावल्या की नाही, ते वाक्य सांगत नाही.

तिसरे वाक्य : ‘ही लुक्ड ॲट द ब्लॅक क्लाउड्स. इट —— सून.’ क्रियापद ‘रेन’. समोर दिसणाऱ्या चिन्हावरून अंदाज केला आहे. म्हणून ‘वॉज गोइंग टु रेन’.

तेव्हा विद्यार्थ्यास एकच प्रश्न विचारावा : ही गोष्ट त्या क्षणी पात्रास ठाऊक होती की केवळ निवेदकास? बेत अथवा समोरचे चिन्ह असेल तर ‘वॉज गोइंग टु’. निवेदकासच ठाऊक असलेली पुढील घटना असेल तर ‘वुड’. उत्तर देण्यापूर्वी रिकाम्या जागेपुढील वाक्यही वाचावयास लावावे, कारण ‘बट’सारखी खूण बहुधा तेथेच असते.

या कसोटीस एक मर्यादा आहे. ‘ही सेड दॅट ही —— द शॉप’ अशा वाक्यात, म्हणजे ‘सेड’ किंवा ‘थॉट’ यांच्यानंतर, दोन्ही रूपे बसू शकतात. ‘आय विल’ हे त्याचे मूळ शब्द मानले तर ‘वुड’, ‘आय ॲम गोइंग टु’ मानले तर ‘वॉज गोइंग टु’. उताऱ्यात मूळ शब्द कळत नसतील, तर शिक्षकांनी दोन्ही उत्तरांस गुण द्यावेत.