‘थळ’ शोधलं, तर निकाल चुकणार हे सर्च इंजिनला आधी कळेल का?

अलिबागजवळच्या थळ गावाची माहिती हवी म्हणून कोणी बातम्यांच्या संग्रहात फक्त ‘थळ’ असं टाइप केलं, तर समोर काय येईल? आरसीएफचा खत कारखाना येईल, समोरच्या बेटावरचा खांदेरी किल्ला येईल आणि थेट कसाऱ्याचा थळ घाटही येईल. हा घाट मुंबई-नाशिक मार्गावर आहे, थळ गावाशी त्याचा काही संबंध नाही.

निकाल बरे की वाईट, हे माणसांनी एकेक बातमी वाचून ठरवता येतं. मराठीत ‘फायर’ या उपक्रमाने ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’मधल्या बातम्यांवर तसं काम केलंही आहे. पण रोजच्या प्रत्येक शोधासाठी वाचक बसवणार कुठून? म्हणून त्यांच्याशिवाय अंदाज बांधावा लागतो.

सर्वात स्वस्त अंदाज शब्दाच्या दुर्मिळतेवरून बांधला जातो. समजा, संग्रहात एक लाख बातम्या आहेत आणि ‘थळ’ फक्त शंभरांत आहे. हजारात एक, म्हणजे शब्द नेमका आणि शोध सोपा! इथेच फसगत होते. शब्द दुर्मिळ असला तरी त्याचे अर्थ अनेक असू शकतात. त्यातून ‘थळला’, ‘थळच्या’ ही रूपं वेगळे शब्द म्हणून मोजली गेली, तर तो आहे त्याहूनही दुर्मिळ भासतो.

२००२ मध्ये क्रोनेन-टाउनसेंड, झोऊ आणि क्रॉफ्ट यांनी ‘क्लॅरिटी स्कोअर’ मांडला. यात आधी शोध घ्यायचा, मग वर आलेल्या बातम्यांची भाषा साऱ्या संग्रहाच्या भाषेशी ताडून पाहायची. समजा, संग्रहात दोन हजार शब्दांमागे एकदा ‘खत’ येतो. ‘थळ खत कारखाना’ शोधल्यावर वरच्या बातम्यांत तो पन्नास शब्दांमागे एकदा, म्हणजे चाळीसपट दिसतो. नुसतं ‘थळ’ शोधलं, की किल्ला आणि घाट मध्ये घुसतात आणि ‘खत’ दोनशे शब्दांमागे एकदा, म्हणजे दहापटच उरतो. या पटीचा लॉगॅरिदम (पाया २) घेऊन त्याला शब्दाच्या तिथल्या प्रमाणाने गुणायचं:

```
0.02  × log2(40) ≈ 0.106
0.005 × log2(10) ≈ 0.017
```

अशी सगळ्या शब्दांची बेरीज म्हणजे स्कोअर. तो कमी आला, तर निकालांत विषयांची खिचडी झाली आहे असं समजायचं. मग ‘गाव, कारखाना की घाट?’ असं विचारता येतं. निकालांतून नवे शब्द उचलून शोध आपोआप वाढवण्याची सोयही अशा वेळी बंद ठेवलेली बरी, नाहीतर घाटातले शब्द गावाच्या शोधात शिरतात.

मात्र हा आकडा निकालांची एकजूट मोजतो, अचूकपणा नाही. घाटात दरड कोसळली आणि त्या दिवशी वरच्या सगळ्या बातम्या घाटाच्याच आल्या, तर स्कोअर उत्तम येईल. गाव शोधणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागणार नाही.