आधी गृहीत धरा, मग पडताळा

मायक्रोफोनकडून आलेला क्षीण संकेत मॉसफेटने वाढवून द्यायचा, तर संकेत येण्याआधीच त्यातून ठरावीक स्थिर करंट वाहत असावा लागतो. या पूर्वतयारीला बायसिंग म्हणतात. संकेत वरखाली होतो, म्हणून ड्रेनच्या व्होल्टेजलाही दोन्ही बाजूंना हलायला जागा हवी.

एक सर्किट घेऊ. पुरवठा १२ व्होल्टचा. वर २ आणि खाली १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडून गेटवर ४ व्होल्ट मिळवले आहेत. गेट स्वतः करंट घेत नाही, त्यामुळे हा हिशेब सरळ आहे. ड्रेनला ५ किलोओहम, सोर्सला २ किलोओहम. मॉसफेट १ व्होल्टला सुरू होतो.

अडचण अशी, की करंटचे सूत्र मॉसफेटच्या अवस्थेवर ठरते आणि अवस्था करंट काढल्याशिवाय कळत नाही. म्हणून तो सॅच्युरेशनमध्ये आहे असे धरून चालायचे. मग आपल्या मॉसफेटसाठी, करंट मिलिअँपिअरमध्ये मोजला तर:

ID = (VGS − 1)²
VGS = 4 − 2·ID

दुसरे समीकरण पहिल्यात घातले की वर्गसमीकरण मिळते आणि त्याची दोन उत्तरे येतात: १ आणि २.२५ मिलिअँपिअर. दुसरे खरे मानले तर सोर्सवर ४.५ व्होल्ट येतात, म्हणजे गेटपेक्षा जास्त. अशा वेळी मॉसफेट बंदच असेल, तर करंट कुठून येणार? ते उत्तर सोडायचे. करंट १ मिलिअँपिअर, सोर्स २ व्होल्टवर आणि ड्रेन १२ उणे ५, म्हणजे ७ व्होल्टवर.

काम इथे संपत नाही. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात, पण पुढची पडताळणी मला गणिताहून मोलाची वाटते. सॅच्युरेशनसाठी ड्रेन किमान ४ उणे १, म्हणजे ३ व्होल्टवर हवा. आपला ७ वर आहे, तेव्हा गृहीत खरे ठरले. ड्रेनचा रेझिस्टर १० किलोओहमचा असता तर त्याच हिशेबाने ड्रेन २ व्होल्टवर आला असता. मग गृहीतच चुकले. सूत्र बदलून सगळे पुन्हा मांडावे लागले असते. इथे मर्यादा ९ किलोओहमची.

सोर्सचा रेझिस्टर कशाला? 2N7000 या नेहमीच्या मॉसफेटच्या माहितीपत्रकात सुरू होण्याचे व्होल्टेज ०.८ ते ३ व्होल्ट असे दिलेले असते, इतका नगानगात फरक. आपल्या सर्किटमध्ये ते १ ऐवजी २ व्होल्ट निघाले, तरी करंट ०.६१ मिलिअँपिअर राहतो. सोर्स थेट जमिनीला जोडून गेटला २ व्होल्ट दिले असते, तर तो शून्य झाला असता.

सर्किट जोडल्यावर मल्टिमीटर गेटला लावू नका. १० मेगाओहमचे मीटर गेटचे ४ व्होल्ट सुमारे ३.७५ वर ओढते. सोर्सवर मोजा: २ व्होल्ट दिसले की करंट १ मिलिअँपिअर आहे.