तीन व्हेक्टरांत जादा कोण?

u = (1, 2, 1), v = (2, 3, −1) आणि w = (1, 0, −5) हे तीन व्हेक्टर घ्या. यातला कुठलाही दुसऱ्या कुणाची पट नाही. म्हणून पहिल्या वर्षाचे बरेच विद्यार्थी ‘हे रेषीय स्वतंत्र आहेत’ असं लिहून मोकळे होतात. पण दोन-दोन व्हेक्टर ताडून पाहणं दोघांपुरतंच चालतं. तिघं असले की एखादा उरलेल्या दोघांच्या मिश्रणातून तयार होतो का, हेही पाहावं लागतं.

त्यासाठी तिघांना अज्ञात संख्यांनी गुणून बेरीज शून्य धरायची: xu + yv + zw = 0. प्रत्येक घटकाचं एक, अशी तीन समीकरणं मिळतात:

x + 2y + z = 0
2x + 3y = 0
x − y − 5z = 0

x, y, z तिन्ही शून्य ठेवले की ही समीकरणं जुळतातच. पण कुठलेही व्हेक्टर घेतले तरी ती तशी जुळणारच, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. खरा प्रश्न असा, की याखेरीज दुसरं उत्तर आहे का?

आता x घालवू. दुसऱ्या समीकरणातून पहिल्याची दुप्पट वजा केली की −y − 2z = 0 उरतं. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की −3y − 6z = 0. हे आधीच्याची तिप्पट आहे, म्हणजे त्यात नवीन माहिती काहीच नाही. वजाबाकी केली तर 0 = 0 येतं. अज्ञात तीन आणि कामाची समीकरणं दोनच, म्हणून z ला हवी ती किंमत देता येते. z = 1 घेतलं तर y = −2 आणि x = 3. ताळा करून पाहा: (3, 6, 3) − (4, 6, −2) + (1, 0, −5) = (0, 0, 0). म्हणजेच w = 2v − 3u. हे तिघं परावलंबी आहेत.

आता w मधल्या −5 च्या जागी −4 लिहा. तीच आकडेमोड केली की शेवटी 0 = 0 ऐवजी z = 0 येतं. मग y आणि x देखील शून्यच. दुसरं उत्तर उरलं नाही, म्हणून हे तिघं स्वतंत्र.

−4 ऐवजी −4.999 घेतलं, तर शेवटची ओळ 0.001z = 0 अशी येते. z अजूनही शून्यच, तेव्हा गणिताच्या दृष्टीने हे तिघं स्वतंत्रच. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या मोजमापातून आला असेल आणि मोजण्यातली चूकच 0.01 इतकी असू शकत असेल, तर खरी किंमत −5 सुद्धा असू शकते. तेव्हा निकाल देण्याआधी शेवटच्या ओळीतला z चा सहगुणक मोजमापातल्या चुकीपेक्षा मोठा आहे ना, हे पाहावं लागतं.